छोट्या ब्रँडचा साप्ताहिक सोशल मीडिया सारांश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती किंवा छोट्या ब्रँडचं इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब सांभाळणाऱ्या आणि दर आठवड्याला मालकांना हिशेब देणाऱ्या मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. प्लॅटफॉर्मवरून फाइल उतरवून त्यातून सारांश कसा काढायचा, एवढाच विषय. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे: मोदकाचं पीठ, कोकम आगळ आणि कुळथाचं पीठ विकणारा कोकणातला एक घरगुती ब्रँड, आणि सोमवार १८ ते रविवार २४ ऑगस्ट २०२५ हा आठवडा. गणपती २७ तारखेला बसणार होते, म्हणजे वर्षातला सगळ्यात गर्दीचा काळ. आकडे समजावण्यापुरते, मुद्दाम गोल घेतले आहेत.

अ‍ॅपमध्ये सगळं दिसतंच, मग फाइल कशाला उतरवायची?

अ‍ॅप दाखवतं ती आत्ताची स्थिती. मागच्या सोमवारी सकाळी हाच आकडा किती होता, हे अ‍ॅप पोस्टगणिक सांगत नाही. मालकीणबाईंचा प्रश्न मात्र नेमका तोच असतो: "या आठवड्यात काय झालं?" त्याचं उत्तर द्यायला दोन वेळचे आकडे शेजारी शेजारी लागतात, आणि मागचा आकडा तुम्ही तेव्हाच उतरवून ठेवला असेल तरच मिळतो. म्हणून पहिल्या दिवसापासून फाइल साठवायची सवय लावा. सारांश लिहायला वेळ मिळाला नाही तरी चालेल, फाइल काढायची चुकवू नका.

फाइल कुठून काढायची?

इन्स्टाग्राम आणि फेसबुकसाठी कॉम्प्युटरवर मेटा बिझनेस सूट उघडा. `Insights` मध्ये `Content` या भागात `Export data` मिळतं. मेटा बटणांच्या जागा बदलत असतं, त्यामुळे थोडं शोधावं लागेल. यूट्यूबसाठी यूट्यूब स्टुडिओत `Analytics`, तिथून `Advanced mode`, आणि वरच्या कोपऱ्यातल्या बाणावरून सी.एस.व्ही. फाइल उतरते. ती झिप असते, आत तीन फाइली निघतात. आपल्या कामाची `Table data.csv`.

मेटाच्या फाइलसाठी तारखांची मर्यादा निवडताना बहुतेकांचा गोंधळ होतो. आठवड्याचा सारांश आहे म्हणून लोक सातच दिवस निवडतात. पण ती मर्यादा पोस्ट कधी टाकली त्याची असते, प्रतिसाद कधी आला त्याची नसते. सात दिवस निवडले की दहा दिवसांपूर्वीची रील फाइलमध्ये येतच नाही, मग भले या आठवड्यात सगळ्यात जास्त लोकांनी तीच पाहिलेली असो. निदान साठ दिवस निवडा.

कोणत्या दिवशी काढावी?

दिवस कोणताही चालेल, फक्त दर वेळी तोच दिवस आणि साधारण तीच वेळ हवी. आमच्या उदाहरणात सोमवारी सकाळी दहा. एका आठवड्यात सोमवारी सकाळी आणि पुढच्या आठवड्यात मंगळवारी रात्री फाइल काढली, तर तुमचा आठवडा साडेआठ दिवसांचा होतो आणि वाढ झाल्याचा भास होतो. फाइलच्या नावात तारीख आधी लिहा, `2025-08-25_instagram.csv` अशी, म्हणजे फोल्डरमध्ये त्या आपोआप क्रमाने लागतात. मूळ फाइल तशीच ठेवा आणि काम तिच्या प्रतीवर करा.

एक्सेलमध्ये उघडली तर मराठी कॅप्शनच्या जागी विचित्र चिन्हं दिसतात. फाइल खराब आहे का?

फाइल बरोबर असते, उघडण्याची पद्धत चुकलेली असते. डबल क्लिक करून सी.एस.व्ही. उघडली की एक्सेल अनेकदा तिला युनिकोड समजत नाही. कोरं वर्कबुक उघडून `Data` मधल्या `From Text/CSV` वाटे फाइल आणा आणि `65001: Unicode (UTF-8)` निवडा. गुगल शीट्समध्ये हा त्रास होत नाही, म्हणून या कामासाठी मी तेच सुचवते.

डबल क्लिकचा दुसरा तोटा जास्त महागात पडतो, कारण तो डोळ्यांना चटकन दिसत नाही. `Post ID` हा सतरा-अठरा अंकी आकडा असतो आणि स्प्रेडशीट पंधरा अंकांपलीकडचे अंक राखत नाही. तो `1.79E+16` असा दिसायला लागतो आणि शेवटचे अंक शून्य होतात. मग दोन वेगळ्या पोस्टचा क्रमांक एकच होऊ शकतो आणि एकीचे लाइक्स दुसरीच्या नावावर चढतात. म्हणून पोस्ट ओळखण्यासाठी `Post ID` वापरूच नका. त्याऐवजी `Permalink`, म्हणजे पोस्टची लिंक वापरा. ती अक्षरांत असल्यामुळे कुठलाही प्रोग्राम तिला हात लावत नाही.

तारखा चुकीच्या दिसतात, त्यांचं काय करायचं?

मेटाच्या फाइलमध्ये `Publish time` अमेरिकन पद्धतीने असते: आधी महिना, मग दिवस. आपल्याकडची शीट आधी दिवस वाचते. त्यामुळे `08/09/2025`, म्हणजे ९ ऑगस्ट, शीटला ८ सप्टेंबर वाटतो. आणि `08/18/2025` मधला अठरावा महिना तिला सापडत नाही, म्हणून ती तो नुसता मजकूर म्हणून सोडून देते. ओळखायची खूण सोपी आहे: एकाच स्तंभात काही तारखा उजवीकडे टेकलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या, तर अर्ध्या तारखा उलट्या वाचल्या गेल्या आहेत. फाइल आणण्याआधी गुगल शीट्सच्या `File` मधल्या `Settings` मध्ये `Locale` युनायटेड स्टेट्स करा, प्रश्न मिटतो.

वेळही एकदा पडताळा. फोनवर एक पोस्ट उघडून तुम्ही ती किती वाजता टाकली होती ते आठवा आणि फाइलमधली वेळ बघा. फरक साडेबारा तासांचा आला (हिवाळ्यात साडेतेरा), तर फाइल अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळावर आहे. मग संध्याकाळी सातची पोस्ट सकाळी साडेसहाची दिसते. या वेळा तशाच घेऊन कुणी मालकीणबाईंना सांगितलं की "आपली सकाळची पोस्ट चांगली चालते", तर त्या पहाटे उठून पोस्ट टाकायला लागतील आणि बिचाऱ्यांचं काहीच भलं होणार नाही.

या आठवड्याच्या पोस्टचे लाइक्स, कमेंट, सेव्ह मिळवले की आठवड्याचा आकडा झाला ना?

नाही, आणि या सगळ्या पानावर मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा प्रश्न हाच आहे.

फाइलमधल्या `Date` स्तंभात `Lifetime` असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे प्रत्येक पोस्टपुढचा आकडा ती टाकल्यापासून आजपर्यंतचा एकूण आकडा आहे. विजेच्या मीटरवरच्या आकड्यासारखा. मीटर १२,४५० दाखवतोय म्हणजे या महिन्यात तेवढी युनिट जळली असं कुणी म्हणत नाही, मागचं रीडिंग वजा करतो. इथेही तेच करायचं.

आपल्या उदाहरणात बघू. त्या आठवड्यात तीन पोस्ट झाल्या. सोमवार १८ ला संध्याकाळी उकडीचं प्रमाण दाखवणारी रील, गुरुवारी २१ ला दरपत्रक आणि कुरिअरच्या शेवटच्या तारखा सांगणारी पाच स्लाइडची पोस्ट, आणि रविवारी २४ ला रात्री आठ वाजता पॅकिंगचा फोटो. २५ ला सकाळी दहा वाजता काढलेल्या फाइलमध्ये त्यांचा प्रतिसाद (लाइक्स, कमेंट, सेव्ह आणि शेअर मिळून) अनुक्रमे ४००, १२० आणि ६० होता. बेरीज ५८०. बहुतेक सारांश इथेच थांबतात.

पण १२ ऑगस्टची एक जुनी रील होती, कळ्या पाडायची. १८ च्या फाइलमध्ये तिच्यापुढे ३१० होते आणि २५ च्या फाइलमध्ये ५२०. म्हणजे या आठवड्यात तिने आणखी २१० मिळवले. गणपती जवळ आले तशी लोकांनी ती शोधून पाहिली, बहिणींना पाठवली. बाकीच्या जुन्या पोस्ट मिळून आणखी ३०. तर आठवड्याचा खरा प्रतिसाद ५८० अधिक २४० म्हणजे ८२०. जवळजवळ तीस टक्के काम जुन्या पोस्टनी केलं होतं. फक्त नव्या पोस्ट मोजल्या असत्या, तर ते २४० कुठल्याच आठवड्याच्या खात्यात गेले नसते: १८ च्या सारांशात ते अजून आलेले नव्हते आणि २५ च्या सारांशात ती पोस्टच धरलेली नव्हती. "कळ्या पाडायची रील अजून चालतेय" ही त्या आठवड्यातली सगळ्यात उपयोगी बातमी मालकीणबाईंपर्यंत पोचलीच नसती.

मग पोस्टची आपसात तुलना कशी करायची?

त्याच आठवड्यातल्या पोस्टची करायचीच नाही. सोमवारी सकाळी सोमवारच्या रीलला जवळजवळ साडेसहा दिवस मिळालेले असतात आणि रविवारच्या फोटोला चौदा तास. ४०० विरुद्ध ६० ही तुलना त्या फोटोवर अन्याय करते, आणि त्यावरून "फोटो बंद करा" असा निष्कर्ष काढणं त्याहून वाईट.

म्हणून सारांशाचे दोन भाग करा. पहिल्या भागात या आठवड्याची एकूण हालचाल, सगळ्या नव्या-जुन्या पोस्टची वजाबाकी करून. दुसऱ्या भागात पोस्टची तुलना, पण ती मागच्या आठवड्यात टाकलेल्या पोस्टची. २५ ऑगस्टला तुम्ही ११ ते १७ च्या पोस्ट तोलायच्या. त्यांचं वय आठ ते चौदा दिवसांचं असतं आणि तोवर बहुतेक पोस्टचा चढ ओसरलेला असतो. वय अगदी सारखं होत नाही, पण फरक दुप्पटीच्या आत राहतो. निकाल एक आठवडा उशिरा कळतो हे खरं. मालकांना हे सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर "कालच्या पोस्टचं काय?" हा प्रश्न दर सोमवारी येतो.

ही वजाबाकी हाताने करायची का?

गरज नाही. फाइलमधून लागतील तेवढेच स्तंभ एका शीटमध्ये या क्रमाने घ्या: A मध्ये `Permalink`, B मध्ये `Publish time`, C मध्ये `Post type`, D मध्ये `Description`, E मध्ये `Reach`, मग F ते I मध्ये `Likes`, `Comments`, `Saves`, `Shares`. मागच्या सोमवारची शीट याच क्रमाने `Last` नावाने ठेवा. या आठवड्याच्या शीटमध्ये J2 मध्ये हे लिहा, उजवीकडे M पर्यंत आणि मग खाली ओढा:

```
=F2-XLOOKUP($A2,Last!$A:$A,Last!F:F,0)
```

शेवटचं शून्य महत्त्वाचं. मागच्या फाइलमध्ये जी पोस्ट नव्हतीच तिचा मागचा आकडा शून्य धरला जातो.

ओढून झाल्यावर उणे आकडे शोधा. एक-दोन लाइक्स कमी होणं स्वाभाविक आहे, लोक लाइक काढतात, खाती बंद होतात. पण उणे चाळीस दिसलं तर ओळी चुकीच्या जुळल्या आहेत किंवा स्तंभ सरकला आहे. उलट, महिनाभर जुन्या पोस्टपुढे एकदम तिचा पूर्ण आकडा वाढ म्हणून आला, तर ती मागच्या फाइलमध्ये नव्हती. तारखांची मर्यादा तेव्हा लहान निवडली गेली असेल, किंवा ती पोस्ट तेव्हा अर्काइव्हमध्ये होती. अशी ओळ बेरजेतून काढा.

पहिल्या आठवड्यात मागची फाइलच नसेल तर?

तर पहिल्या आठवड्यात सारांश देऊ नका. फाइल काढून ठेवा आणि पुढच्या सोमवारपासून सुरू करा.

सगळ्या पोस्टचा रीच मिळवला तर किती माणसांपर्यंत पोचलो ते कळेल का?

कळणार नाही. रीच म्हणजे वेगवेगळी खाती. ज्या काकूंनी सोमवारची रील, गुरुवारचं दरपत्रक आणि रविवारचा फोटो असं तिन्ही पाहिलं, त्या बेरजेत तीनदा येतात. छोट्या ब्रँडकडे नेहमीचं गिऱ्हाईक जास्त असतं, त्यामुळे ही फुगवण इथे मोठीच असते. पूर्ण खात्याचा आठवड्याचा रीच मेटा बिझनेस सूटमध्ये सात दिवस निवडल्यावर वेगळा दिसतो, तो पाहून हाताने टिपा. रोजचा रीच मिळवून आठवड्याचा करू नका, त्यातही हीच चूक आहे.

टक्का कसा काढायचा?

पोस्टचा एकूण प्रतिसाद भागिले त्याच पोस्टचा रीच. ११ ते १७ च्या आठवड्यात दोनच पोस्ट होत्या असं धरू. कळ्यांच्या रीलला ६,५०० रीचवर ५२० प्रतिसाद, म्हणजे आठ टक्के. आगळाच्या बाटलीच्या फोटोला १,५०० वर ९०, म्हणजे सहा. दोन्हींची सरासरी काढायची तर आठ आणि सहा मिळवून दोनने भागू नका. प्रतिसादांची बेरीज ६१०, रीचची ८,०००, त्यातून ७.६ येतो. एखाद्या पोस्टचा रीच फारच कमी असेल तेव्हा हा फरक मोठा होतो: पन्नासच खात्यांनी पाहिलेल्या पोस्टला दहा जणांनी लाइक केलं की वीस टक्के होतात, आणि ते दहा जण बहुधा घरचेच असतात. तीनशेच्या खाली रीच असेल तर मी टक्का लिहीतच नाही, नुसता आकडा लिहिते. ही तीनशेची रेघ माझी आहे, तुमच्या खात्याप्रमाणे ठरवा.

लाइक, कमेंट, सेव्ह, शेअर यांना सारखंच वजन द्यायचं का?

बेरजेत द्या, सारांशात देऊ नका. वजनांची सूत्रं बनवण्यात अर्थ नाही, कारण सेव्हला तीन गुण आणि शेअरला पाच, हे शेवटी कुणीतरी मनाने ठरवलेलं असतं आणि मालकांना त्यातून काही समजत नाही. त्यापेक्षा सेव्ह आणि शेअर वेगळे लिहा. खाण्याच्या पदार्थात सेव्ह म्हणजे "हे मी करून बघणार आहे" आणि शेअर म्हणजे "हे तुझ्या कामाचं आहे". १८ तारखेच्या रीलला ४०० पैकी ९६ सेव्ह होते. रविवारच्या पॅकिंगच्या फोटोला ६० पैकी ५८ लाइक्स होते आणि सेव्ह एकही नाही. दोघींची जात वेगळी आहे आणि दोघी लागतात. फोटो पाहून ओळखीच्या लोकांनी कौतुक केलं, रील ठेवून अनोळखी लोक पीठ मागवायला आले.

कमेंटचा आकडा फाइलमधला घ्यायचा का?

बेरजेसाठी घ्या, पण त्यावर विसंबू नका. त्यात आपण दिलेली उत्तरंही मोजलेली असतात. गुरुवारच्या दरपत्रकावर ११ कमेंट दिसत होत्या, त्यातली पाच ब्रँडचीच उत्तरं होती. मनापासून प्रत्येकाला उत्तर देणाऱ्या ब्रँडचा कमेंटचा आकडा त्यामुळे दुप्पट दिसू शकतो.

दुसरं म्हणजे, या फाइलमध्ये कमेंटची संख्या असते, मजकूर नसतो. तो पोस्टवर जाऊन वाचावा लागतो, आणि छोट्या ब्रँडला ते सहज जमतं. आठवड्याच्या पंचवीस-तीस कमेंट वाचायला दहा मिनिटं लागतात. वाचताना फक्त प्रश्न टिपा. त्या आठवड्यात रीलखाली सात जणांनी विचारलं होतं की याच पिठाला पाणी किती घ्यायचं, कारण त्यांच्या उकडीला चिरा जात होत्या. चौघांनी विचारलं होतं की २५ ला मागवलं तर पुण्यात गणपतीआधी पोचेल का. या दोन ओळी मला पूर्ण सारांशातल्या सगळ्या टक्क्यांपेक्षा मोलाच्या वाटतात, कारण त्यांच्यावर दुसऱ्याच दिवशी काहीतरी करता येतं.

कमेंट करणाऱ्यांची नावं, फोन नंबर किंवा स्क्रीनशॉट सारांशात घालू नका. प्रश्न पुरेसा आहे.

यूट्यूबचे आकडेही असेच वजा करायचे का?

नाही, यूट्यूबचं गणित वेगळं आहे. `Advanced mode` मध्ये तुम्ही जी तारीख ते तारीख निवडता, त्या काळात आलेलेच आकडे मिळतात, व्हिडिओ कधीचाही असो. त्यामुळे वजाबाकी लागत नाही.

अडचण वेळेची आहे. यूट्यूबचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याप्रमाणे चालतो. आपल्याकडे सोमवारी सकाळचे दहा वाजतात तेव्हा तिथे रविवार रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, म्हणजे त्यांचा रविवार संपलेलाही नसतो. शिवाय ताजे आकडे पूर्ण भरायला एक-दोन दिवस जातात. म्हणून यूट्यूबचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार धरा आणि सारांशात तसं लिहा. इन्स्टाग्रामच्या बेरजेत तो मिसळू नका. तिन्ही ठिकाणचे आकडे एकत्र करून "एकूण प्रतिसाद" असा एक मोठा आकडा करायचा मोह होतो, पण फेसबुकच्या फाइलमध्ये प्रतिक्रिया आणि क्लिक असतात, यूट्यूबला पाहण्याचा वेळ असतो, इन्स्टाग्रामला सेव्ह असतात. तीन ठिकाणं, तीन ओळी.

गेल्या वर्षीच्या व्ह्यूजशी तुलना करता येईल का?

जपून. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायची रीत बदलली. आता शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किमान किती वेळ पाहिलं याची अट नाही. जुन्या रीतीने मोजलेला आकडा `Engaged views` या नावाने मिळतो, मागच्या काळाशी तुलना करायची तर तो घ्या. इन्स्टाग्रामच्या जुन्या फाइलींत `Impressions` होते आणि नव्यांत `Views` आहेत. दोन्ही एकाच रेघेवर काढू नका.

पैसे देऊन बूस्ट केलेली पोस्ट कुठे धरायची?

वेगळ्या ओळीत, खर्चाच्या रकमेसह. तुलनेच्या भागात तिला घेऊच नका. जाहिरातीतून मिळालेल्या रीचमुळे आकडा फुगतो आणि टक्का बहुधा पडतो, त्यामुळे चांगली पोस्ट वाईट दिसते आणि सामान्य पोस्ट लोकप्रिय. शीटमध्ये एक स्तंभ वाढवून बूस्ट केलेल्या पोस्टपुढे त्याच दिवशी खूण करा. महिन्याभराने आठवत नाही. दुसऱ्या खात्याबरोबर कोलॅब केलेल्या पोस्टलाही खूण हवी, कारण तिचे लाइक्स आणि कमेंट दोन्ही खात्यांच्या चाहत्यांचे मिळून असतात.

सणाच्या आठवड्यात आकडे उसळतात. ती वाढ खरी मानायची का?

खरी आहे, पण तिचं श्रेय पोस्टला किती आणि पंचांगाला किती, हे वेगळं करावं लागतं. मागच्या आठवड्याचा एकूण प्रतिसाद ५४० होता, या आठवड्यात ८२०. निम्म्याहून जास्त वाढ, आणि मोदकाचं पीठ विकणाऱ्याला गणपतीच्या तोंडावर ती होणारच. "मागच्या आठवड्यापेक्षा ५२ टक्के वाढ" हे वाक्य बरोबर असूनही मालकांची दिशाभूल करतं. दोन आठवड्यांनी आकडे खाली येतात आणि त्यांना वाटतं काहीतरी बिघडलं.

गेल्या वर्षीशी तुलना करावी तर तारखेप्रमाणे करू नका. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती १४ सप्टेंबरला गेली. २०२५ च्या १८ ते २४ ऑगस्टची तुलना २०२४ च्या त्याच तारखांशी केली, तर सणाआधीचा आठवडा आणि साधा श्रावणातला आठवडा यांची तुलना होते. त्याऐवजी चतुर्थीच्या नऊ ते तीन दिवस आधीचा काळ घ्या. २०२४ साठी तो २९ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर येतो. शीटमध्ये "सणाला किती दिवस" असा एक स्तंभ ठेवला की दिवाळीलाही हेच करता येतं.

प्रतिसाद आणि ऑर्डर यांचा संबंध फाइलमधून दाखवता येतो का?

फाइलमधून नाही. छोट्या ब्रँडच्या ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फोनवर येतात, आणि त्यांचा धागा या फाइलींपर्यंत पोचत नाही. ऑर्डर घेताना "कुठे पाहिलंत?" असं विचारून वहीत एक अक्षर लिहायचं, एवढाच उपाय मला आजवर टिकलेला दिसला आहे. सगळेजण सांगणार नाहीत, आणि पुष्कळजण "इन्स्टाग्राम" म्हणतील जरी मैत्रिणीने लिंक पाठवलेली असली तरी. म्हणून त्या आकड्याचं टक्क्यात रूपांतर न करता तो आहे तसा सारांशाखाली द्या.

शेवटी मालकांना पाठवायचं काय? पूर्ण शीट?

शीट पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर एका नजरेत वाचता येईल एवढा मजकूर पाठवा. त्या आठवड्याचा सारांश असा होता:

> ताई, १८ ते २४ ऑगस्ट.
> इन्स्टाग्रामवर या आठवड्यात ८२० प्रतिसाद (मागच्या आठवड्यात ५४०). गणपतीचा आठवडा आहे, दोन आठवड्यांनी हा आकडा उतरेल.
> त्यातले २१० कळ्या पाडायच्या जुन्या रीलचे. ती अजून वाढते आहे.
> मागच्या आठवड्यातल्या पोस्ट: कळ्यांची रील ८ टक्के, आगळाचा फोटो ६ टक्के.
> लोकांचे प्रश्न: उकडीला पाणी किती (७ जण), पुण्यात वेळेवर पोचेल का (४ जण).
> माझं मत: पुणे-मुंबईच्या ऑर्डर आता वेळेत पोचणार नाहीत, म्हणून दरपत्रकाच्या पोस्टचा पिन काढून आजच "बाहेरगावच्या ऑर्डर बंद" असं लिहू. पाण्याच्या प्रमाणाचं उत्तर वरच्या कमेंटमध्ये पिन करू. १० सप्टेंबरच्या संकष्टीसाठी पाण्याच्या प्रमाणाची वेगळी छोटी रील करायची का, एवढं सांगा.

शेवटी एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं, हे मुद्दाम आहे. गणपतीच्या धांदलीत पिठाच्या चक्कीवर उभ्या असलेल्या बाईला तीन पर्याय आणि पाच आलेख पाठवले, तर उत्तर येणार नाही आणि सोमवार तसाच जाईल. "माझं मत" ही ओळही सोडू नका. आकडे तुम्ही पाहिले आहेत, तर तुम्हाला काय वाटतं हे सांगायची जबाबदारीही तुमचीच आहे. फक्त ते आकड्यांच्या खाली, वेगळं दिसेल असं लिहा.

मध्येच एका सोमवारी फाइल काढायची राहिली तर?

पुढच्या सोमवारी जी वजाबाकी येईल ती दोन आठवड्यांची आहे, तशीच लिहा: "२५ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर, दोन आठवडे मिळून". दोनने भागून दोन आठवड्यांत वाटून टाकू नका. त्या चौदा दिवसांत गणपती बसले, गौरी आल्या, आणि ६ तारखेला अनंत चतुर्दशी झाली. पहिल्या तीन-चार दिवसांत आणि शेवटच्या दिवसांत प्रतिसाद सारखा असणं शक्यच नाही. शीटमध्ये मधली ओळ रिकामी सोडा आणि पुढची तुलना त्यानंतरच्या पूर्ण आठवड्यापासून सुरू करा.